डब्यावरचे '२५ ग्रॅम प्रोटीन' खरे किती? लेबल तपासण्याची रीत आणि व्हे, केसीन की वनस्पतिजन्य याचा निर्णय

प्रोटीन पावडरच्या डब्यावर पुढच्या बाजूला सर्वात मोठ्या अक्षरांत एकच आकडा असतो: एका स्कूपमध्ये २५ ग्रॅम प्रोटीन. हा आकडा कसा काढतात ते एकदा समजले, की लेबलवरच्या बाकीच्या गोष्टी आपोआप उलगडत जातात. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

प्रोटीन थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात

डेन्मार्कच्या योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये पदार्थातला नायट्रोजन मोजण्याची पद्धत मांडली. ती आजही प्रयोगशाळांमध्ये वापरात आहे. ड्यूमा नावाची दुसरी पद्धत अधिक झटपट होते, पण तीही नायट्रोजनच मोजते. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो असे धरतात आणि सापडलेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणतात. दुधाच्या प्रोटीनसाठी ६.३८ हा गुणकही वापरतात. आलेले उत्तर लेबलवर 'प्रोटीन' म्हणून छापले जाते.

इथेच पळवाट आहे. हा नायट्रोजन प्रोटीनमधून आला की दुसऱ्या कशातून, हे चाचणीला कळत नाही. २००८ साली चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळले गेले ते याच कारणाने. मेलामाइनच्या वजनातला दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असतो, त्यामुळे पातळ दूधही चाचणीत सकस ठरले आणि सुमारे तीन लाख बालके आजारी पडली. प्रोटीन पावडरमध्ये इतके विषारी काही घालण्याची गरजच नसते. स्वस्त, निरुपद्रवी आणि लेबलवर उघडपणे लिहिता येतील असे पदार्थ त्याच कामाला येतात. या प्रकाराला 'अमिनो स्पायकिंग' म्हणतात.

नेहमीचे तीन पदार्थ म्हणजे ग्लायसीन, टॉरिन आणि क्रिएटिन मोनोहायड्रेट. ६.२५ च्या गुणाकारात १ ग्रॅम ग्लायसीन १.१७ ग्रॅम 'प्रोटीन' म्हणून मोजले जाते. १ ग्रॅम टॉरिन ०.७ ग्रॅम होते आणि १ ग्रॅम क्रिएटिन तर १.७६ ग्रॅम. ग्लायसीन निदान अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीन ज्यांपासून बनते त्या घटकांपैकी एक, तरी आहे, पण ते शरीर स्वतःही तयार करते. टॉरिन आणि क्रिएटिन यांपासून प्रोटीन बनतच नाही. क्रिएटिन हे चांगले पूरक आहे, ते वेगळे विकत घ्यावे. ते प्रोटीनच्या आकड्यात लपून येते तेव्हा प्रश्न निर्माण होतो.

आता डबा उलटा करू

समजा, हातात चॉकलेट स्वादाचा एक किलोचा व्हेचा, म्हणजे चीज करताना उरणाऱ्या दुधाच्या पाण्यातल्या प्रोटीनचा, डबा आहे. हा डबा मी उदाहरणासाठी रचला आहे, पण असे डबे मिळतात. मागच्या तक्त्यात लिहिले आहे: एक स्कूप ३६ ग्रॅम, प्रोटीन २५ ग्रॅम, कर्बोदके ५ ग्रॅम, स्निग्ध पदार्थ २ ग्रॅम, ऊर्जा १३८ किलोकॅलरी.

आधी साधी बेरीज करून पाहा. प्रोटीन आणि कर्बोदकांच्या प्रत्येक ग्रॅमला ४ किलोकॅलरी आणि स्निग्ध पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅमला ९. म्हणजे १०० अधिक २० अधिक १८, बरोबर १३८. ऊर्जेचा हिशेब जुळला. दोनचार किलोकॅलरींचा फरक चालतो, पण पंधरा-वीसचा फरक असेल तर तक्ता भरणाऱ्याने काळजी घेतलेली नाही इतके तरी कळते.

मग प्रोटीनचे प्रमाण काढा. २५ भागिले ३६ म्हणजे ६९ टक्के. तुलनेसाठी मर्यादा लक्षात ठेवायची: बिनस्वादाचे चांगले व्हे कॉन्सन्ट्रेट ८० टक्क्यांच्या आतबाहेर असते आणि त्याहून अधिक शुद्ध केलेले आयसोलेट ९० च्या जवळ. स्वाद, कोको, गोडी घातली की हे आकडे आणखी खाली येतात. त्यामुळे चॉकलेट स्वादाचे कॉन्सन्ट्रेट ९० टक्के प्रोटीन सांगत असेल तर शंका घ्यावी, आणि ५० टक्केच सांगत असेल तर उरलेल्या जागेत काय भरले ते शोधावे. आपल्या डब्याचे ६९ टक्के अगदी साळसूद दिसतात. बहुतेक जण इथेच तपासणी थांबवतात.

घटकांची यादी: क्रम आणि कंस

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणून ही यादी तक्त्यापेक्षा जास्त बोलकी असते. आपल्या डब्याची यादी अशी आहे: व्हे प्रोटीन ब्लेंड (व्हे कॉन्सन्ट्रेट, व्हे आयसोलेट), ग्लायसीन, कोको पावडर, माल्टोडेक्स्ट्रिन, टॉरिन, क्रिएटिन मोनोहायड्रेट, स्वादद्रव्य, लेसिथिन, झँथन गम, सुक्रालोज.

कंसातही क्रम तोच असतो. कॉन्सन्ट्रेट आधी आणि आयसोलेट नंतर, म्हणजे आयसोलेट कमी आहे. किती कमी ते सांगितलेले नाही. चिमूटभर घातले तरी समोर 'आयसोलेटयुक्त' छापता येते. शिवाय दोन-तीन घटक एका 'ब्लेंड'मध्ये गुंडाळले की त्यांचे एकत्र वजन यादीत पहिले येते. स्वतंत्र लिहिले असते तर पहिला क्रमांक कदाचित दुसऱ्याच कुणाचा असता.

फिलर म्हटले की लोक झँथन गम आणि लेसिथिनवर तुटून पडतात. ते अस्थानी आहे. लेसिथिनमुळे पावडर पाण्यात गुठळ्या न होता मिसळते, झँथन गममुळे पेय दाटसर होते, आणि दोन्ही अगदी थोड्या प्रमाणात लागतात. डब्याचे वजन त्यांनी वाढत नाही. वजन वाढवणारे फिलर म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, साय काढलेल्या दुधाची पावडर आणि क्रीमर. हे यादीत पहिल्या तिनांत असतील तर ते खरे फिलर. पण त्यांच्यात एक प्रामाणिकपणा आहे: ते कर्बोदकांच्या किंवा स्निग्ध पदार्थांच्या रकान्यात उघडे पडतात. ग्लायसीन मात्र थेट प्रोटीनच्या रकान्यात जाऊन बसते. आपल्या डब्यात ते कोकोच्याही आधी आहे. चॉकलेट स्वादाच्या स्कूपमध्ये कोको दोन-तीन ग्रॅम तरी असतो, म्हणजे ग्लायसीन त्याहून कमी नाही. वर टॉरिन आणि क्रिएटिन आहेतच.

ल्युसीनवरून उलटा हिशेब

आता संशयाला आकडा लावायचा. त्यासाठी डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात अमिनो आम्लांचा तक्ता शोधावा. तो स्कूपमागे आहे, १०० ग्रॅम पावडरमागे आहे की १०० ग्रॅम प्रोटीनमागे, हे आधी पाहावे. इथेच सर्वाधिक गफलत होते. '१०० ग्रॅम प्रोटीनमागे' असा तक्ता कित्येकदा कच्चा माल पुरवणाऱ्याच्या कागदावरून जसाच्या तसा उतरवलेला असतो. तो व्हेबद्दल खरे सांगतो, या डब्याबद्दल काहीच नाही. आपल्याला स्कूपमागचा किंवा १०० ग्रॅम पावडरमागचा तक्ता हवा.

व्हेच्या प्रोटीनमध्ये ल्युसीन हे अमिनो आम्ल साधारण १० ते ११ टक्के असते. म्हणजे खऱ्या २५ ग्रॅम व्हे प्रोटीनमध्ये अडीच ग्रॅमच्या वर ल्युसीन सापडायला हवे. आपल्या डब्यावर ल्युसीन १.७ ग्रॅम आहे. १.७ ला ०.१०५ ने भागले की १६ ग्रॅमच्या आसपास उत्तर येते. बाकीचे ९ ग्रॅम कुठून आले?

यादीतल्या तीन पदार्थांची अंदाजी वजने धरून पाहू. ग्लायसीन ३ ग्रॅम, म्हणजे कागदोपत्री ३.५ ग्रॅम प्रोटीन. टॉरिन २ ग्रॅम, म्हणजे १.४. क्रिएटिन २ ग्रॅम, म्हणजे ३.५. बेरीज ८.४. पंचवीसातून वजा केले की १६.६ उरतात, आणि १६.६ ग्रॅम व्हे प्रोटीनमधले ल्युसीन बरोबर १.७ ग्रॅमच्या घरात येते. दोन्ही बाजूंनी हिशेब एकाच जागी पोचला.

यावर एक युक्ती आहे, आणि ती माहीत असलेले उत्पादकही आहेत. यादीत 'एल-ल्युसीन' किंवा ल्युसीन असलेले अमिनो आम्लांचे मिश्रण 'बीसीएए' वेगळे घातलेले दिसले तर ल्युसीनचा आकडा फुगलेला असतो आणि ही कसोटी निकामी होते. तेव्हा लायसीन हे दुसरे अमिनो आम्ल पाहावे. व्हे प्रोटीनमध्ये ते ९ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे २५ ग्रॅमला सव्वादोनच्या जवळपास.

ग्लायसीनचा रकानाही असाच तपासता येतो. २५ ग्रॅम व्हे प्रोटीनमध्ये ते जेमतेम अर्धा ग्रॅम असते. आपल्या डब्यावर ३.३ ग्रॅम आहे. कधी घटकांच्या यादीत ग्लायसीन नसते, पण तक्त्यात मात्र ते भरपूर दिसते. तेव्हा कोलॅजेन किंवा जिलेटिन मिसळले आहे का ते पाहावे. कोलॅजेन हे प्रोटीनच आहे, पण त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते आणि ल्युसीनही थोडेच असते. स्नायूंसाठी ते व्हेची जागा घेत नाही.

अमिनो आम्लांचा तक्ता कुठेच नसेल तर कंपनीला पत्र पाठवून मागावा. मी स्वतः उत्तर न देणाऱ्यांचा डबा घेत नाही. हा काही पुरावा नव्हे, पण निवडीला भरपूर डबे असताना पुराव्याची वाट कशाला पाहायची?

घरगुती चाचण्यांची पोच

आयोडीनचा थेंब टाकून निळा-काळा रंग आला तर स्टार्च आहे हे नक्की. पण माल्टोडेक्स्ट्रिन बहुधा तसा रंग देत नाही आणि ग्लायसीन तर मुळीच देत नाही, त्यामुळे रंग न येणे म्हणजे शुद्धतेचा दाखला नव्हे. गरम पाण्यात गुठळ्या झाल्या तर व्हे अस्सल, असेही सांगतात. व्हे प्रोटीन ७० अंश सेल्सिअसच्या वर उसवते आणि गोळा होते, हे खरे आहे. पण १६ ग्रॅम व्हेच्याही गुठळ्या होतात आणि २५ ग्रॅमच्याही. फेस, रंग, तळाशी बसणारा गाळ यांवरून काहीच ठरत नाही.

एक गोष्ट मात्र घरी जरूर करावी. डब्यातला स्कूप सपाट भरून वजनकाट्यावर ठेवावा. पावडर दाबून बसली असेल तर ३६ ऐवजी ४१ ग्रॅम भरतात, भुसभुशीत असेल तर ३१. लेबलवरचा सगळा तक्ता ३६ ग्रॅमचा आहे, स्कूपचा नाही.

तिसऱ्या पक्षाची चाचणी: कोणी, काय, कोणत्या बॅचचे

'प्रयोगशाळेत तपासलेले' हे शब्द कोणीही छापू शकतो. त्याखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

पहिली म्हणजे कारखान्याचे प्रमाणपत्र, बहुतेकदा जीएमपी, म्हणजे चांगल्या उत्पादन पद्धतीचे. कारखाना स्वच्छ आहे आणि नोंदी ठेवतो इतकेच ते सांगते. डब्यात काय आहे याच्याशी त्याचा थेट संबंध नाही.

दुसरी म्हणजे स्वतंत्र संस्थेचा शिक्का. इथे प्रत्येक शिक्क्याचा रोख वेगळा असतो. 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट'मध्ये लेबलवरचे दावे, दूषित घटक आणि खेळांत प्रतिबंधित असलेली द्रव्ये असे तिन्ही तपासले जातात. 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'मध्ये प्रत्येक बॅच बाजारात येण्याआधी तपासली जाते, पण मुख्य भर प्रतिबंधित द्रव्यांवर असतो. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला हा शिक्का लाखमोलाचा. प्रोटीन खरेच २५ ग्रॅम आहे का, या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच्याकडे मागू नये. शिक्क्याच्या चित्रावर विसंबू नये, चित्र छापायला वेळ लागत नाही. संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन उत्पादनाचे नाव, स्वाद आणि डब्याच्या तळाशी छापलेला बॅच क्रमांक शोधावा. व्हॅनिला नोंदलेले असेल आणि तुमच्या हातात चॉकलेट असेल तर तो शिक्का तुमच्या डब्याचा नाही.

तिसरी म्हणजे विश्लेषण प्रमाणपत्र, ज्याला बोलताना 'सीओए' म्हणतात. ते कंपनीकडून मिळते आणि नीट वाचले तर सर्वात उपयोगी असते. आधी बॅच क्रमांक डब्याशी जुळतो का ते पाहा. मग प्रयोगशाळेचे नाव आणि तिला आयएसओ १७०२५ ची मान्यता आहे का ते पाहा. ही मान्यता चाचणी करण्याच्या क्षमतेसाठी असते. नमुना कंपनीने पाठवला की बाजारातून उचलला, हेही लिहिलेले असेल तर उत्तम.

त्यानंतर 'पद्धत' हा रकाना पाहा. प्रोटीनसमोर केल्डाल किंवा ड्यूमा लिहिले असेल आणि पुढे २५ ग्रॅम असेल, तर आपला उदाहरणाचा डबाही या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होतो. प्रयोगशाळा खोटे बोललेली नसते. तिला विचारलेला प्रश्नच नायट्रोजनचा होता. स्पायकिंग पकडायचे तर अमिनो आम्लांचे पूर्ण विश्लेषण हवे, आणि त्यात मोकळी अमिनो आम्ले वेगळी मोजलेली असली तर फारच चांगले. व्हेमध्ये मोकळे ग्लायसीन नगण्य असते. ते ग्रॅममध्ये सापडले तर बाहेरून घातलेले आहे.

जड धातूंच्या रकान्यात नुसते 'पास' नको, आकडा हवा. समजा, शिसे ०.०५ मिलिग्रॅम प्रतिकिलो लिहिले आहे. ते ग्रॅममागे ०.०५ मायक्रोग्रॅम झाले, म्हणून ३६ ग्रॅमच्या स्कूपमध्ये १.८ मायक्रोग्रॅम. हे जास्त की कमी, ते कोणती रेषा धरता यावर आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात दिवसाला ०.५ मायक्रोग्रॅमच्या वर इशारा छापावा लागतो. ती रेषा मुद्दाम फार खाली ठेवलेली आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भधारणेच्या वयातल्या स्त्रियांसाठी सगळ्या अन्नातून मिळून दिवसाला ८.८ मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी धरली आहे, आणि मुलांसाठी २.२. दिवसाला तीन स्कूप घेणाऱ्याचा आकडा ५.४ वर जातो, तोही बाकीचे जेवण न धरता. शिसे आणि कॅडमियम वनस्पती जमिनीतून उचलतात, त्यामुळे वनस्पतिजन्य पावडरीत त्यांचे प्रमाण साधारणपणे व्हेपेक्षा जास्त आढळते. कोकोतही कॅडमियम असते. वनस्पतिजन्य आणि वर चॉकलेट स्वाद, असा डबा असेल तर हा रकाना न वाचता घेऊ नये.

व्हे, केसीन की वनस्पतिजन्य

इथवर आले की निवड पुष्कळ सोपी होते, कारण खरे प्रोटीन हाती आल्यावर प्रकारांमधला फरक लोक समजतात तितका मोठा राहत नाही.

व्हेमध्ये पहिला प्रश्न येतो कॉन्सन्ट्रेट की आयसोलेट. दुधाने पोट बिघडणारे लोक डोळे मिटून महागडे आयसोलेट घेतात. ८० टक्क्यांच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये लॅक्टोज साधारण ४ ते ८ टक्के असते, म्हणजे ३० ग्रॅममध्ये दीड-दोन ग्रॅम. लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकी बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही. तेव्हा आधी कॉन्सन्ट्रेटचा छोटा पुडा घेऊन पाहावा. त्रास झालाच तर आयसोलेट. त्यात लॅक्टोज एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. आणि पोट फुगण्याचे कारण पुष्कळदा लॅक्टोज नसून गोडीसाठी घातलेले शुगर अल्कोहोल असते, तेही यादीत पाहावे. दुधाची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. तिथे व्हे आणि केसीन दोन्ही वर्ज्य, आयसोलेटसुद्धा.

दुधातल्या प्रोटीनपैकी ८० टक्के केसीन असते. पोटातल्या आम्लात त्याचे दही लागल्यासारखे होते, म्हणून ते सावकाश पचते आणि अमिनो आम्ले कित्येक तास रक्तात झिरपत राहतात. त्यासाठी यादीत 'मायसेलर केसीन' हे शब्द हवेत. 'कॅल्शियम केसीनेट' हे प्रक्रिया केलेले, मूळ रचना मोडलेले रूप आहे. झोपण्यापूर्वी केसीन घेण्याच्या अभ्यासात ४० ग्रॅमसारखी मोठी मात्रा दिलेली होती. व्यायाम करणाऱ्याने दिवसभरात शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.६ ग्रॅमच्या जवळपास प्रोटीन घेतलेच असेल, तर रात्रीच्या केसीनने पडणारी भर थोडीच. माझ्या मते जेवणांमध्ये लांबलचक अंतर पडणाऱ्याला, किंवा दाट आणि पोटभर पेय आवडणाऱ्यालाच ते घेण्यात अर्थ आहे. पाणी मात्र व्हेपेक्षा जास्त घालावे, नाहीतर चमच्याने खावे लागते.

वनस्पतिजन्य पावडरीत मिश्रणाला खरे कारण आहे. तांदळाच्या प्रोटीनमध्ये लायसीन कमी, जेमतेम ३ टक्के. वाटाण्याच्या प्रोटीनमध्ये ते ७ टक्क्यांच्या आसपास, पण गंधकयुक्त मेथिओनिन तोकडे. दोन्ही मिसळले की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. ७० भाग वाटाणा आणि ३० भाग तांदूळ धरले तर लायसीन सहा टक्क्यांच्या जवळ येते, प्रौढांसाठीच्या साडेचार टक्क्यांच्या मानकाच्या आरामात वर. प्रमाण सहसा छापत नाहीत, म्हणून यादीत वाटाणा आधी आहे ना ते पाहावे आणि २५ ग्रॅम प्रोटीनमागे लायसीन सव्वा ग्रॅमच्या खाली नाही ना तेही. ल्युसीन इथे आठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २५ ग्रॅमला २ ग्रॅम. व्हेची अडीचची कसोटी लावून चांगल्या डब्याला नाकारू नये. एका वेळी ३० ग्रॅम प्रोटीन होईल इतकी पावडर घेतली की अंतर बरेच मिटते. यादीच्या शेवटी किनवा, चिया, भोपळ्याच्या बिया अशी नावे आली तर ती शोभेची समजावी. सोया आयसोलेट एकट्यानेही पूर्ण प्रोटीन देते, त्याला जोडीदार लागत नाही.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने यातले काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

किमतींची तुलना करताना डब्याच्या किमतीला छापील प्रोटीनने नव्हे, ल्युसीनवरून काढलेल्या प्रोटीनने भागावे. आपल्या एक किलोच्या डब्यात लेबलप्रमाणे सुमारे ६९५ ग्रॅम प्रोटीन आहे आणि हिशेबाप्रमाणे ४६०. म्हणजे शेजारचा प्रामाणिक डबा दीडपट महाग दिसत असेल, तरी प्रोटीनचा भाव दोघांचा सारखाच पडतो.